बोल्ट घट्ट आहेत ना?

काल दुपारी आईचं नवं फ्रंट लोड वॉशिंग मशीन ड्राय बाल्कनीतून स्वयंपाकघराच्या दिशेने हातभर चालत आलं. पाण्याचा पाइप ताणला गेला म्हणून थांबलं, नाहीतर फोडणीला हजर झालं असतं. आणि याचं खापर फुटलं माझ्या चिठ्ठीवर.

मशीनसोबत ६४ पानांचं पुस्तक आलं होतं. डेमो द्यायला येणाऱ्या माणसाचे ४८ तास सहाव्या दिवशीही संपले नव्हते. "त्यातलं कामाचं तेवढं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे," आई म्हणाली. माहितीपुस्तकं लिहिणं हा माझा पोटाचा धंदा, त्यामुळे जरा ऐटीतच बसले.

सहा ओळी ठेवल्या. मागचे चार बोल्ट काढ, भोकांना टोप्या लाव, बोल्ट जपून ठेव. पाय खालीवर करून मशीन डुगडुगेनासं कर. सांडपाण्याचा पाइप जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर अडकव, खाली सोडलास तर पाणी भरता भरताच निघून जाईल. १६ अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच लाव, एक्स्टेन्शन बोर्ड नको. पहिली फेरी कपड्यांशिवाय. चिंटू आला की दार बंद आहे ना बघ, आत शिरेल.

घरात पाना नव्हता. पाना चारशेदोनच्या काकांकडे. काका बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यातून निवृत्त झालेत. आमच्या लिफ्टमध्ये त्यांनी लावलेले तेवीस नियम आहेत, ते वाचून होईपर्यंत मजला निघून जातो. ते पाना घेऊन आले, पण आधी चष्मा लावून चिठ्ठी वाचली. मग पुस्तक मागवलं. मग दोन्ही शेजारी ठेवून ताळेबंद तपासावा तसं ओळीवर बोट ठेवत गेले.

"यात जनावरं नाहीत."

"कसली जनावरं?"

"पान नऊ. यंत्रात पाळीव प्राणी ठेवू नयेत. गाळलंस तू."

"काका, आईकडे साधा पोपट नाही."

"आज नाही," म्हणत त्यांनी खिशातलं पेन काढलं. "आणि पेट्रोल लागलेले कपडे?"

"आई पेट्रोलमध्ये कपडे भिजवेल असं वाटतं तुम्हाला?"

"मला काय वाटतं हा प्रश्नच नाही गं. कंपनीला वाटलंय ना?"

आता पेट्रोलचा इशारा खोटा नव्हे. बंद ड्रममध्ये पेट्रोलची वाफ साठली तर भडका उडू शकतो. मेकॅनिकच्या घरासाठी लिहिलं असतं तर तीच पहिली ओळ झाली असती. पण चिठ्ठी कोणासाठी आहे हे ठरवल्याशिवाय गाळायचं काय, हे ठरतच नाही. आमच्या धंद्यात इशाऱ्यांची उतरंड असते: 'धोका' म्हणजे जीव जाईलच, 'इशारा' म्हणजे जाऊ शकतो, 'खबरदारी' म्हणजे किरकोळ इजा, आणि 'सूचना' म्हणजे माणूस शाबूत, वस्तूचं वाटोळं. हे मी काकांना समजावत होते. ते "हो हो" म्हणत कागदाच्या मार्जिनमध्ये 'जनावरे' लिहीत होते. माझी बस होती. मी निघाले.

काल आईचा फोन. "अगं, तू बोल्टचं उलटं लिहिलं होतंस म्हणे. काकांनी दुरुस्त केलं."

तिने चिठ्ठीचा फोटो पाठवला. सहाच्या सतरा ओळी झाल्या होत्या. पहिल्या ओळीत 'काढ' खोडून सुबक अक्षरात 'घट्ट आहेत ना पाहणे'. नुसतं पाहून ते थांबले नाहीत, प्रत्येक बोल्टला पान्याने अर्धा अर्धा फेरा दिला. पुस्तकातली जनावरं वाचली, बोल्टचं चित्र नाही.

ते बोल्ट फक्त वाहतुकीचे. आतला ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो, टेम्पोत तो आपटू नये म्हणून बोल्टांनी जखडून ठेवतात. ते तसेच राहिले की पिळायच्या फेरीला ड्रमचे हादरे स्प्रिंगांत न जिरता अख्ख्या सांगाड्याला बसतात, आणि मशीन चालू लागतं. आधी धपधप, मग खडखडाट, मग प्रस्थान.

संताप संताप झाला. रात्री तो फोटो पुन्हा उघडला आणि एक गोष्ट दिसली, ती अजून डाचते आहे. पाइपाच्या ओळीला काकांनी हात लावला नव्हता. एक्स्टेन्शन बोर्डही तसाच. पाइप का वर ठेवायचा ते मी लिहिलं होतं; बोर्डाचं कारण त्यांना सोसायटीचं मीटर जळाल्यापासून ठाऊक होतं. बोल्टचं कारण मात्र मीच जागा वाचवायला कापलं. 'हे फक्त वाहतुकीपुरते', अवघे तीन शब्द. कंपनीने लावलेला बोल्ट कारण न देता काढायला सांगितल्यावर बँकेतला माणूस शंका घेणारच. पण मग विचारायचं ना! फोन आहे, नंबर आहे. जनावरांवर वीस मिनिटं घालवली.

आज सकाळी डेमोवाला उगवला. पाच मिनिटांत बोल्ट काढले, टोप्या बसवल्या, भिंतीवरची चिठ्ठी वाचली आणि आईला म्हणाला, "मांजराचं लिहिलंत ते बरं केलंत, उबेला जाऊन बसतात."

बोल्ट सध्या काकांकडे आहेत. 'जपून ठेव' हे त्यांना पटलं होतं.