अंदमानचा प्लॅन उलटा करा, सेल्युलर जेल शेवटी ठेवा

ऑफिसातला एकजण अंदमानचं पॅकेज दाखवायला आला. ६ रात्री, ७ दिवस. पहिले दोन दिवस पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉक, मग नील आणि सातव्या दिवशी सकाळच्या फेरीने नीलवरून येऊन त्याच दुपारचं विमान. म्हटलं बाबा रे, हे विमान तू चुकवणार बहुतेक.

गेल्या डिसेंबरात आमचं अगदी हेच झालं. समुद्र खवळला, सकाळी सकाळी मेसेज आला फेरी रद्द. आम्हाला वाटलं उद्या जाऊ, एकच दिवस गेला. पण उद्याच्या बोटीच्या सीटा आधीच विकल्या गेलेल्या असतात ना! आजची अख्खी बोटभर माणसं उद्याच्या बोटीत कुठे मावणार? त्यामुळे वारा एक दिवस आणि आपण अडकू शकतो दोन दिवस. पैसे परत मिळतात फेरीचे, विमानाचे कोण देणार. २०१६ च्या डिसेंबरात तर हॅवलॉक-नीलवर हजारावर पर्यटक अडकले होते, शेवटी नौदलाला जावं लागलं.

म्हणून मी त्याचा प्लॅन उलटा केला. पहिल्या दिवशी उतरून नुसता आराम, त्याच दिवशीची फेरी घ्यायचीच नाही, विमान लेट झालं की ती गेलीच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीने हॅवलॉक (आता स्वराज द्वीप म्हणतात), तिथे दोन रात्री, चौथ्या दिवशी नील, एक रात्र. पाचव्या दिवशी परत पोर्ट ब्लेअर. सहावा दिवस जेल आणि चिडिया टापू, कारण दोन्हीकडे गाडीने जाता येतं, बोट लागत नाही. म्हणजे पाचव्या दिवशीची फेरी बुडाली तरी सहावा दिवस हाताशी आहे, त्या दिवशी बोटीत सीट मिळाली की फार तर चिडिया टापू जाईल. आणि दुसऱ्याच दिवशीची बुडाली तर जेल तेव्हाच उरकायचं, नील सोडून द्यायचं, हॅवलॉकच्या दोन रात्री तशाच. रॉस आयलंड मात्र या राखीव दिवसात मोजू नका, तिथेही छोटी बोट लागते, ती तर आधी बंद होते.

स्कुबा करणाऱ्यांना आणखी एक फायदा, डायव्हनंतर १८ ते २४ तास विमानात बसायचं नसतं, ते आपोआप सांभाळलं जातं.

फेरी शक्यतो सकाळचीच घ्या, ती गेली तर दुपारच्या बोटीला धडपडायला वेळ असतो. आणि निघायच्या दोन-तीन दिवस आधीपासून हवामान खात्याचं पान उघडून बघा, अंदमान समुद्रासाठी मच्छिमारांना जाऊ नका असा इशारा आला की समजायचं, आणि हॉटेलवाल्याला तेव्हाच फोन करायचा की एखादी रात्र वाढली तर खोली आहे का. रोख पैसे जवळ ठेवा, बेटावर नेटवर्क गेलं की यूपीआय पण गेलं.

बायको म्हणते सहावा दिवस फुकट जातो. आमच्या सासूबाईंनी मागच्या वेळी नीलच्या जेट्टीवर बॅगेवर बसून दोन दिवस काढलेत, तिने त्यांना विचारावं.