‘पंधरा मिनिटांच्या कामाला तीन तास’ या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (एक तारा): “लॅपटॉपमध्ये जागा उरली नव्हती. व्हर्च्युअलबॉक्समधले जुने मशीन मी आधीच काढले होते, फक्त त्याच्या डिस्कची फाइल उडवायची राहिली होती. बॅकअप माझ्याकडे आहे हेही सांगितले होते. पंधरा मिनिटांच्या कामाला तीन तास लावले आणि वर 900 रुपये घेतले. सांगलीत दुसरी दुकाने आहेत.”

आदरणीय महोदय,

आपला वेळ गेला आणि मनस्ताप झाला, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. काम वाढते आहे हे लक्षात येताच मुलाकरवी आपल्याला निरोप धाडायला हवा होता. ती चूक माझीच. मात्र आपला अभिप्राय वाचून नवीन माणूस दुकानाची पायरी चढताना विचार करील आणि या दुकानावर माझ्यासह दोन मुलांचे घर चालते, म्हणून त्या तीन तासांत काय झाले ते मला सविस्तर मांडावे लागत आहे.

आपण लॅपटॉप दिला तेव्हा अकरा वाजले होते आणि सी ड्राइव्हवर 3 जीबी जागा शिल्लक होती. ते जुने मशीन, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रामने लॅपटॉपच्या आत चालवलेला दुसरा संगणक, आपण यादीतून काढले होते हे खरे आहे. परंतु काढताना प्रोग्राम जो प्रश्न विचारतो, त्यात आपण `Remove only` निवडले होते. त्याने केवळ यादीतली नोंद जाते; डिस्कच्या फायली आणि मशीनची माहिती ठेवणारी `.vbox` फाइल जागच्या जागी राहते. म्हणून जागा मोकळी झाली नव्हती. `VirtualBox VMs` या फोल्डरमध्ये 41 जीबीची मुख्य `.vdi` फाइल होती आणि आत `Snapshots` नावाच्या फोल्डरमध्ये लांबलचक आकड्यांच्या नावाची आणखी एक 17 जीबीची फाइल होती. ‘उडवा’ असे आपण ज्या फाइलकडे बोट दाखवून सांगितले, ती 41 जीबीची.

माझा हात थांबला तो तारखेमुळे. मुख्य फाइलमध्ये शेवटचा बदल 3 एप्रिलचा दिसत होता, तर हळदीच्या हिशेबाच्या नोंदी आपण मागच्या आठवड्यापर्यंत त्याच मशीनमध्ये केल्या असल्याचे बोलण्यात आले होते. या दोन गोष्टी एकत्र जुळत नाहीत. कारण असे की मशीनचा स्नॅपशॉट, म्हणजे परत मागे जाता यावे म्हणून त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घेतला की मुख्य डिस्क त्या क्षणी गोठते आणि त्यानंतर मशीनमध्ये जे काही लिहिले जाते, ते सारे `Snapshots` मधल्या फरकाच्या फाइलमध्ये साठत जाते. हिशेबाचे सॉफ्टवेअर अपडेट करण्याआधी कोणीतरी आपल्या मशीनचा स्नॅपशॉट 3 एप्रिलला घेतला होता आणि तो पुढे कधीच काढला गेला नाही. म्हणजे नव्या आर्थिक वर्षातल्या जवळजवळ सगळ्या नोंदी 17 जीबीच्या फाइलमध्ये होत्या. ती फाइल एकटी काही कामाची नाही, मुख्य फाइल सोबत असेल तरच तिला अर्थ आहे.

बॅकअपविषयी आपण सांगितले, त्यावर मी अविश्वास दाखवला असे आपल्याला वाटले असावे. आपल्या बाहेरच्या हार्डडिस्कवर मी पाहिले, तेव्हा तिथे केवळ 41 जीबीची मुख्य फाइल होती. तिच्यापासून मशीन उभे केले असते तर विंडोज व्यवस्थित सुरू झाले असते, सॉफ्टवेअर उघडले असते, काही चुकल्याचा संदेशही आला नसता. हिशेब मात्र 3 एप्रिलला थांबलेला दिसला असता. सगळे ठीक दिसत असताना अर्धे गेलेले असते, त्यामुळेच हा प्रकार घातक आहे. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी `Machine` मेनूतील `Add` ने `.vbox` फाइल परत जोडावी आणि व्हर्च्युअलबॉक्स जिथे बसवले आहे त्या फोल्डरमधून हा आदेश द्यावा:

```
VBoxManage list hdds
```

मुख्य डिस्कपुढे `Parent UUID: base` असे येते. जिच्यापुढे त्या जागी दुसऱ्या डिस्कचा लांब आकडा येतो, ती फरकाची फाइल होय आणि तिच्याशिवायचा बॅकअप अपुरा असतो.

आता वेळेचा हिशेब. 3 जीबी मोकळ्या जागेवर ते मशीन सुरू करण्याचा धोका मी घेतला नाही, कारण मशीन चालू झाले की फरकाची फाइल वाढू लागते आणि जागा संपली तर मशीन मध्येच अडकते. म्हणून सगळे 58 जीबी दुकानाच्या हार्डडिस्कवर घेतले. त्याला सुमारे चाळीस मिनिटे लागली. ती प्रत दुकानातल्या संगणकावर जोडून मशीन सुरू केले, तर आतल्या विंडोजला पासवर्ड होता. बारा वाजून पाच मिनिटांनी मी आपल्याला फोन केला, बारा वीसला पुन्हा केला. आपला फोन एक वाजता आला. मार्केट यार्डात सौदे चालू असताना फोन घेणे शक्य नसते, हे सांगलीत राहणाऱ्याला सांगावे लागत नाही आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तथापि तीन तासांतला तो जवळजवळ एक तास माझ्या आळसाच्या खात्यावर टाकला जावा, याचे मला वाईट वाटले.

पासवर्ड मिळाल्यावर मागच्या आठवड्याची शेवटची पावती पडद्यावर पाहिली, हिशेबाचे 1.2 जीबीचे फोल्डर बाहेर काढून आपल्या डी ड्राइव्हवर आणि पेनड्राइव्हवर ठेवले आणि मगच लॅपटॉपवरचे मशीन यादीत परत जोडून `Remove` मधील `Delete all files` निवडले. यादीत परत जोडण्याचे कारण इतकेच की मशीनला जोडलेल्या डिस्क दुसऱ्या फोल्डरमध्ये असल्या, तरी त्या प्रोग्रामला ठाऊक असतात. हाताने फोल्डर उडवताना त्या राहून जातात. मात्र या मार्गाने गेलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. आपल्या लॅपटॉपला एसएसडी आहे आणि पुसलेल्या जागेची सूचना विंडोज तिला लगेच देते, त्यामुळे फाइल परत मिळवण्याचे सॉफ्टवेअरही बहुधा हात टेकते. दोन वाजता लॅपटॉप तयार झाला, तेव्हा सी ड्राइव्हवर 61 जीबी मोकळे होते.

900 रुपयांपैकी 300 मशीन काढण्याचे आणि 600 हिशेब तपासून बाहेर काढण्याचे होते. पावतीवर ते वेगवेगळे लिहिले नाही, हे चुकले. सांगितल्यापेक्षा काम वाढले तर आधी विचारून मगच पुढे जाण्याची पद्धत आम्ही यापुढे पाळू आणि पावतीतही योग्य ती सुधारणा करू. चौदा वर्षे विश्रामबागेत दुकान आहे, ग्राहकाचा हिशेब न पाहता पुसून तीनशे रुपये घ्यायचे मला अजून जमलेले नाही.

आपल्या हार्डडिस्कवरची ती एप्रिलची फाइल कृपया बॅकअप म्हणून धरू नये. संपूर्ण 58 जीबीची प्रत माझ्याकडे तशीच ठेवली आहे. आपण हार्डडिस्क घेऊन आलात तर तिच्यावर विनामूल्य घालून देईन आणि आपण पेनड्राइव्हवरचा हिशेब उघडून पाहिल्याचे कळवीपर्यंत दुकानातली प्रत पुसणार नाही.

आपला,
दुकानदार, विश्रामबाग, सांगली