चोराला ताटकळत ठेवू नका

नवं खातं उघडताना ‘पासवर्ड विसरल्यास ओळख पटवण्यासाठी एक प्रश्न निवडा’ असा पडदा समोर आला, की डोक्याला फार ताण देऊ नका. यादीतला पहिलाच प्रश्न घ्या, ‘तुमच्या आईचं माहेरचं आडनाव काय?’, आणि खरं उत्तर लिहा. अगदी शुद्धलेखनाचे नियम पाळून. खोटं बोलणं वाईट असं लहानपणी शिकवलंय ना? मग ते पाळायची याहून चांगली जागा सापडायची नाही.

हे उत्तर तुमच्याइतकंच इतरांनाही पाठ असतं, हा त्याचा मोठा गुण. मामाला तर ते विसरायची सोयच नाही, कारण त्याचं स्वतःचं आडनाव तेच आहे. त्याच्या वाढदिवसाला त्याच्या नावासकट, सगळ्या जगाला दिसतील अशा शुभेच्छा तुम्ही दिल्या असतील, तर उत्तर जाहीर करण्याचं कामही उरकलं. भावंडांचं उत्तर तेच. घटस्फोटित जोडीदाराला ते ठाऊक, पूर्वीच्या जिवलग मित्राला ठाऊक, आणि ज्या नातलगाशी हिश्श्यावरून बोलणं बंद आहे त्यालाही ठाऊक. खात्यात डोकावण्याची सगळ्यात जास्त हौस असते ती याच मंडळींना. परक्या चोराला निदान शोधावं तरी लागतं.

आईने लग्नानंतर आडनाव बदललंच नसेल तर ती शोधाशोधही वाचते. स्पॅनिश भाषिक देशांत तर आणखी सोय आहे. तिथे माणसाला सहसा दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं. म्हणजे खातेदाराने पूर्ण नाव लिहिलं की गुप्त उत्तर त्याच ओळीत येतं.

ही पद्धत जुनी आहे, म्हणून तिच्यावर श्रद्धा ठेवा. बाल्टिमोरच्या एका बँकरने १९०६ साली अमेरिकी बँकर्सच्या सभेत आपल्या बँकेतली सह्यांची कार्डं कशी असतात ते सांगितलं होतं. त्या कार्डावर जन्मस्थळ, पत्ता, व्यवसाय, वय आणि आईचं माहेरचं आडनाव यांसाठी जागा होती. समोर उभ्या माणसाची सही पडताळताना जोडीला विचारायचे ते प्रश्न. आता समोर माणूस नाही, सहीही नाही. राहिलाय फक्त प्रश्न, आणि तेवढ्यावर आपलं छान चाललंय.

शंकेखोर लोक विचारतात, अनोळखी माणसाला माझ्या आईचं आडनाव कसं कळणार? त्यांनी टेक्सासकडे पाहावं. व्हर्जिल ग्रिफिथ आणि मार्कस जेकबसन या दोघांनी २००५ साली टेक्सासच्या जन्म आणि विवाहांच्या सरकारी नोंदी घेतल्या. कुठेही चोरी नाही, घुसखोरी नाही. नोंदी सगळ्यांसाठी खुल्याच होत्या. कृती अशी. मुलाचं आडनाव आणि जन्मवर्ष घ्यायचं. त्या आडनावाच्या नवरदेवांची, त्या सुमाराची, शक्यतो त्याच भागातली लग्नं काढायची. प्रत्येक लग्नाच्या नोंदीत वधूचं लग्नापूर्वीचं आडनाव असतंच. पाच लग्नं निघाली तर पाच उमेदवार, एकच निघालं तर विषय संपला.

एरवी आईचं माहेरचं आडनाव ओळखणं म्हणजे सरासरीने सुमारे आठ हजार सारख्याच शक्यतांतून एक निवडण्याइतकं अवघड. नोंदी जुळवल्यावर पाव भागापेक्षा जास्त लोकांच्या बाबतीत हा आकडा एकशेवीसच्या आत आला. आणि चाळीस लाखांहून अधिक टेक्सासवासीयांच्या बाबतीत एकच नाव उरलं. यातली गंमत नीट बघा. वडिलांचं आडनाव जितकं दुर्मीळ, तितकी त्या आडनावाची लग्नं कमी, आणि तितकं आईचं आडनाव पक्कं. ‘आमचं आडनाव कुणाला उच्चारताही येत नाही’ म्हणून जे निश्चिंत होते, तेच आधी सापडले.

आता हा प्रश्न मोडायला जीनियस लागतो असं वाटत असेल, तर तोही गैरसमज काढून टाका. सप्टेंबर २००८ मध्ये सारा पेलिन अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार होत्या. एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने त्यांच्या याहू खात्याच्या लॉगिन पानावर ‘पासवर्ड विसरलो’ हा दुवा दाबला. पानाने जन्मतारीख विचारली. ती विश्वकोशात होती. पिनकोड विचारला, पेलिन यांचं वासिला हे गाव एवढंसं, की पर्याय मोजकेच. मग गुप्त प्रश्न आला, नवऱ्याशी ओळख कुठे झाली? शाळेतलं प्रेम असल्याचं वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. थोडे प्रयत्न करून त्याने ‘वासिला हाय’ हे शाळेचं नाव लिहिलं आणि खातं उघडलं. नवा पासवर्ड ठेवला ‘पॉपकॉर्न’. जुना पासवर्ड त्याने ओळखलाच नाही, ओळखायची गरजच पडली नाही. त्या पासवर्डात किती चिन्हं आणि किती मोठी अक्षरं होती, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. (पुढे मुलाला एक वर्ष आणि एक दिवसाची शिक्षा झाली, पण ते कौतुकाच्या लेखात कशाला.)

म्हणून माझी विनंती अशी, की पासवर्ड वीस अक्षरांचा ठेवा, दर महिन्याला बदला, सगळ्यांना अभिमानाने सांगा. आणि त्याच्याशेजारी हे आडनाव तसंच राहू द्या. खात्याची ताकद त्याच्या सगळ्यात कच्च्या वाटेइतकीच असते, हे ऐकून घ्यायची काही सक्ती नाही.

शिवाय हे उत्तर टिकाऊ आहे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. २०१३ मध्ये याहूची तीन अब्ज खाती फुटली, तेव्हा त्या मालात गुप्त प्रश्नांची उत्तरंही होती, आणि काही तर कूटबद्धही केलेली नव्हती. अशा वेळी पासवर्ड बदला म्हणून सांगता येतं. आई बदला म्हणून कोण सांगणार? तेच उत्तर तुम्ही दहा ठिकाणी दिलं असेल, तर एका ठिकाणची चोरी दहाही ठिकाणी कामाला येते, आणि पुढची कैक वर्षं येत राहते.

काही चतुर लोक इथे खोटं उत्तर देतात. त्यांनाही आशीर्वाद. गूगलच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३७ टक्के लोकांनी, उत्तर ओळखायला अवघड जावं म्हणून आपण खोटं लिहिल्याचं सांगितलं होतं. अडचण एवढीच, की माणसं खोटंही एकमेकांसारखंच बोलतात, त्यामुळे अंदाज बांधणं उलट सोपं जातं. वर आपण काय थाप मारली होती ते स्वतःलाच आठवत नाही. त्याच अभ्यासात इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकी वापरकर्त्यांपैकी ४० टक्क्यांना गरजेच्या वेळी उत्तरच आठवलं नाही, मोबाइलवर आलेला कोड वापरून मात्र ८० टक्क्यांहून जास्त जणांनी खातं परत मिळवलं. म्हणजे चोराला आत जाता येतं आणि मालक बाहेर राहतो. इतका समतोल दुसऱ्या कुठल्या व्यवस्थेत सापडेल?

खरा धोका आहे तो फासे टाकणाऱ्या लोकांचा. यांच्यापासून सावध राहा. ७,७७६ शब्दांची एक यादी असते. पाच वेळा फासा टाकला की पाच आकडे मिळतात आणि त्या क्रमांकाचा शब्द उचलायचा. असा एक शब्द ओळखणं साधारण तेवढंच कठीण, जेवढं टेक्सासच्या नोंदी न बघता आईचं आडनाव ओळखणं. हे महाभाग एकावर थांबत नाहीत, चार उचलतात. आईचं माहेरचं आडनाव? ‘कंदील गेंडा पावती झुळूक.’ शक्यता किती, तर तीनवर पंधरा शून्यं आणि वर काही. मामाच्या प्रोफाइलवर गेंडा शोधून चोर दमतो. वर ते प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळे चार शब्द काढतात आणि प्रश्नासकट पासवर्ड मॅनेजरमध्ये, त्या खात्याच्या टिपणात लिहून ठेवतात. लक्षात ठेवायचं काहीच नाही, त्यामुळे विसरायचंही काही नाही. (वरचे चार शब्द आता छापले गेले, तेव्हा तेच वापरलेत तर चोर माझेही आभार मानेल.)

तुम्हाला अगदीच मोह झाला तर निदान `xK9#vq2Lm` असलं काहीतरी उत्तर ठेवा. कारण कधी ग्राहक सेवेच्या फोनवर हाच प्रश्न विचारतात. चोर म्हणतो, ‘अहो, मी तेव्हा काहीतरी वेडंवाकडं टाइप केलं होतं, नेमकं आठवत नाही.’ पलीकडचा माणूस पडद्यावर बघतो, खरंच वेडंवाकडं आहे, आणि दार उघडतो. चार सरळ शब्द असले की ही पळवाट बंद होते. ते उच्चारता येतात, म्हणून उच्चारून दाखवावे लागतात.

याहून त्रासदायक माणसं म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन गुप्त प्रश्न काढूनच टाकणारी. जिथे प्रश्न काढता येतो तिथे ती पासकी लावतात, म्हणजे पासवर्डच्या जागी चालणारी, फोनमध्ये किंवा संगणकात राहणारी डिजिटल चावी. तिची खासगी चावी संकेतस्थळाकडे जात नाही, आणि ती ज्या पत्त्यासाठी बनली त्याच पत्त्यावर चालते. हुबेहूब नकली पान बनवलं तरी ती तिथे उमटत नाही. पासकीची सोय नसेल तर दर तीस सेकंदांनी बदलणारा कोड देणारं अ‍ॅप. नकली पानावर तो कोड तुम्ही स्वतःच्या हाताने टाइप केलात तर चोराचं फावतं, तेवढी एक फट उरते. एसएमएसचा कोड त्याहून चोराच्या सोयीचा: तुमचा नंबर दुसऱ्या सिमवर वळवला की संदेश तिकडे. तरी आडनावापेक्षा तो जड जातोच, हे कबूल करावं लागेल.

ही माणसं आधी ईमेल खातं बंदोबस्तात ठेवतात, कारण बाकी सगळ्या खात्यांचे ‘पासवर्ड विसरलो’चे दुवे तिथेच येतात. मग रिकव्हरी कोडचा कागद छापून फोनपासून लांब ठेवतात, म्हणजे फोन हरवला तरी आत जाता येतं. तुम्ही यातलं काही केलंच, तर त्या कोडांचा फोटो काढून त्याच ईमेलमध्ये स्वतःलाच पाठवून ठेवा, आणि पासकी लावल्यावर जुना आडनावाचा प्रश्न चालू आहे की नाही ते चुकूनही तपासू नका. पुष्कळ ठिकाणी तो चालूच असतो.