आबांच्या आवाजामागची घरघर

“जुन्या व्हिडिओतली घरघर म्हणजे विजेचा 50 हर्ट्झचा आवाज. तेवढा कापा, मोफत सॉफ्टवेअरमधले नॉइज रिडक्शन पूर्ण लावा, पाच मिनिटांत आवाज स्टुडिओसारखा होतो. नंतर कॅसेट फेकून दिली तरी चालते.”

हा संदेश मला एकाच आठवड्यात तीन नातेवाइकांनी पाठवला, कारण मी माझ्या दिवंगत वडिलांच्या एकमेव चित्रफितीवर काम करतो आहे, हे त्यांना ठाऊक होते. फीत व्हीएचएस आहे, अकरा मिनिटांची आहे आणि माझ्या आतेभावाने 1994 साली भाड्याच्या कॅमेऱ्यावर आमच्या सोप्यात घेतलेली आहे. आबा आरामखुर्चीत बसून विहिरीच्या खोदाईची हकीकत सांगत आहेत, आणि त्यांच्या उजव्या हाताला फडताळात विजेवर चालणारा व्हॉल्व्हचा रेडिओ बातम्यांची वाट पाहत चालू ठेवलेला आहे. त्याच्या आवाजाची कळ पूर्ण खाली आहे, तरी तो घरघरतो आहे.

आधी उगमाविषयी. अशी घरघर फितीवर असेलच असे नाही. माझ्या पहिल्या डिजिटल प्रतीत दोन घरघरी होत्या, आणि त्यांतली एक माझीच होती. व्हीसीआर थांबवून फक्त जोडणी चालू ठेवली तेव्हाही ती ऐकू येत राहिली, म्हणजे तिचा फितीशी संबंध नव्हता. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर प्रत घेतली आणि ती नाहीशी झाली. चार्जर आणि व्हीसीआर वेगवेगळ्या प्लगांतून जमिनीशी जोडले गेले, की त्यांच्यामधल्या तारेतून असा आवाज शिरतो. तो नंतर गाळत बसण्यापेक्षा प्रत पुन्हा घेणे केव्हाही चांगले.

उरली ती रेडिओची. ती वर्णपटात पाहिली, म्हणजे आवाजातल्या प्रत्येक कंपनसंख्येची वेगळी रेघ दिसेल असा आलेख उघडला, तेव्हा 50 च्या जागी काहीच नव्हते. सर्वांत ठळक रेघा 195.6 आणि 293.4 वर होत्या, आणि 97.8 वर एक फिकट रेघ होती. याचे कारण रेडिओच्या पोटात आहे. अशा संचात विजेची दोन्ही अर्धी आवर्तने सरळ केली जातात, त्यामुळे उरलेली लहर विजेच्या दुप्पट वेगाने येते. ती थोपवणारा फिल्टर कंडेन्सर वाळला की ती थेट स्पीकरपर्यंत पोहोचते, आणि आवाजाच्या कळीच्या पुढच्या टप्प्यात शिरत असल्याने कळ खाली असली तरी ऐकू येते. लहान स्पीकरला शंभराच्या आसपासचा खर्ज नीट वाजवता येत नाही, म्हणून तिच्या दुप्पट, तिप्पट कंपनसंख्येच्या पटीच अधिक जोरात येतात. 50 हर्ट्झ कापून या फितीत काहीही फरक पडला नसता.

पण मग 100 आणि 200 का नाहीत, 97.8 आणि 195.6 का? कॅमेरा बॅटरीवर होता आणि फितीची गती व्हीसीआर काटेकोरपणे सांभाळतो, तेव्हा चूक फितीची नव्हे. वीज त्या संध्याकाळी खरोखरच 48.9 हर्ट्झने येत होती. वीजजाळ्याच्या पश्चिम विभागात, कंपनसंख्या उतरलेली असताना जादा वीज ओढणे महाग करणारी उपलब्धतेवर आधारित दरपद्धती 2002 साली लागू होण्यापूर्वी संध्याकाळची मागणी वाढली की कंपनसंख्या 49 च्या खाली जाणे नित्याचे होते. आमच्या अकरा मिनिटांतही ती 48.6 पर्यंत उतरली, म्हणजे दहावी पट 489 वरून 486 वर सरकली. त्यामुळे ध्वनीचे चार तुकडे केले, प्रत्येक तुकड्याच्या रेघा नव्याने मोजल्या आणि Audacity या मोफत सॉफ्टवेअरमधल्या Notch Filter ने त्या एकेक करून कापल्या. 195.6 साठी Q हे मूल्य 40 ठेवले, त्यामुळे कापलेली पट्टी साधारण पाच हर्ट्झ रुंदीची राहिली. आबांचा मूळ स्वर 110 च्या आसपास खेळत असल्याने याहून रुंद पट्ट्या कापल्या असत्या, तर त्यांचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला असता. स्वर अधूनमधून अरुंद पट्टीत सापडला तरी चालते, कारण वरच्या पटींवरून कान तो स्वर स्वतःच जुळवून घेतो.

पूर्ण लावलेल्या नॉइज रिडक्शनविषयी माझे मत अधिक कडक आहे, कारण मी तेही करून पाहिले. हे साधन शांत जागेतल्या आवाजाचा नमुना घेते आणि तेवढा आवाज सगळीकडून वजा करते. कॅमेऱ्यात मात्र आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी योजना असते. माणूस बोलायचा थांबला की ती संवेदनशीलता वाढवते, बोलू लागला की कमी करते. म्हणजे आबा थांबलेले असताना घेतलेल्या नमुन्यात घरघर फुगलेली असते आणि त्यांच्या बोलण्याखाली ती प्रत्यक्षात बरीच बारीक असते. जास्तीची वजाबाकी मग बोलण्यातूनच होते. पहिला बळी ‘ह’चा जातो आणि ‘स’, ‘श’ त्याच्या मागे लागतात. ‘होता’चा ‘ओता’ झाला, आणि शब्दांच्या शेवटी पाण्यात बुडबुडे फुटावेत तशी किणकिण उरली.

हे ओळखण्याची सोपी खूण त्याच खिडकीत आहे. Residue निवडले की काढून टाकलेला भाग तेवढा ऐकू येतो. त्यात निव्वळ घरघर असावी. माझ्या पूर्ण लावलेल्या प्रतीत तिथे आबा बोलत होते. पुढे फक्त रेघा कापलेल्या प्रतीवर हेच साधन 6 डेसिबेलइतके हलके चालवले, तेव्हा उरलेल्या भागात शब्द एकही नव्हता. यात मला नऊ संध्याकाळी लागल्या.

सातव्या मिनिटाला आबा मान वळवून आतेभावाला काहीतरी सांगतात. मूळ फितीत ते कळत नव्हते आणि पूर्ण लावलेल्या प्रतीत त्या जागी नुसती कुजबुज होती. सावकाश केलेल्या प्रतीत वाक्य उमटले: “अरे, ह्याचा कंडेन्सर गेलाय, मिरजेला नेऊन बदलून आणाय पाहिजे.” आईला ऐकवले, तर ती म्हणाली, “कुठला नेतोय! तसाच मोडीत गेला तो.”

स्टुडिओसारखा आवाज मला जमला नाही आणि मी त्याच्या मागेही लागलो नाही. मी घरघर ठळकपणे कमी केली, पण पूर्ण पुसली नाही. ती बोलण्याखाली राहून विरामात एकदम नाहीशी झाली, तर ये-जा करणारी घरघर कानाला सतत चालणाऱ्या बारीक घरघरीपेक्षा जास्त खुपते.

कॅसेट फेकण्याचा सल्ला सर्वांत वाईट आहे. माझी पहिली प्रत चार्जरमुळे बिघडली होती, हे मला तीन महिन्यांनी कळले. कॅसेट नसती तर ती दुसरी घरघर आबांच्या आवाजाला कायमची चिकटली असती. पुन्हा प्रत घ्यायची तर चालू व्हीसीआरही लागतो, आणि जपानच्या फुनाई कंपनीने 2016 साली उत्पादन थांबवल्यापासून नवा व्हीसीआर बनत नाही. माझी कॅसेट पुसली जाऊ नये म्हणून मागची चिप तोडून, उभी, कोरड्या डब्यात ठेवली आहे. पावसाळ्यानंतर तिच्या काचेतून पाहतो. फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी असते, आणि तशी फीत साफ केल्याशिवाय व्हीसीआरमध्ये घालायची नसते. अजून तरी दिसलेली नाही. डब्यात तिच्याजवळ काहीही न कापलेल्या प्रतीची डिस्क आहे आणि चार तुकड्यांच्या रेघांचे आकडे लिहिलेला एक कागद आहे.