काळ्या काचेचा फोटो आणि यूव्हीचा दावा

गॉगलचा फोटो दाखवून कुणी म्हणतं: “फोटोत काच गडद काळी आहे, कोपऱ्यात ‘रे-बॅन पी’ लिहिलंय. म्हणजे माल अस्सल, यूव्हीपासून शंभर टक्के बचाव. जळगावच्या उन्हाला हाच घ्या.”

हे खरं नाही. काचेवरचा ‘पी’ म्हणजे पोलराइज्ड. तो रस्त्यावरून, पाण्यावरून येणारी चकाकी कापतो. यूव्ही अडवणं हे वेगळं काम. आता फोटोत दांडीची आतली बाजू मोठी करून पाहा. रे-बॅनच्या साध्या, पोलराइज्ड नसलेल्या एव्हिएटर गॉगलवर मॉडेल ३०२५, माप ५८ आणि १४ आणि शेवटी ३एन दिसेल. पोलराइज्ड काचेला तिथे ३पी हवं. काचेवर पी आणि दांडीवर ३एन, म्हणजे माल संशयास्पद. दोन्ही जुळले तरी अस्सलपणा सिद्ध होत नाही, कारण छाप नकलेवरही उमटवता येतो.

यूव्ही तर फोटोत दिसतच नाही. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारी काच जवळपास पारदर्शकही असू शकते. उलट नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि यूव्ही अडत नसेल तर डोळ्यात जास्त शिरतं. भुसावळ-जळगावच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे जास्तच धोक्याचं. चष्म्याच्या दुकानात यूव्ही मीटर असेल, तर काच त्यावर धरून घ्या. तपासणी काही सेकंदांची असते.