चिकन जाळायचं आणि खापर ओव्हनवर फोडायचं!

गटारीच्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडला. ट्रेमध्ये सहा तंगड्या, वरून कोळसा झालेल्या, आणि त्यातली एक चिरून दाखवलेली, हाडालगत कच्ची, चिकट, गुलाबी. खाली लिहिलंय, "ओव्हन बोगस निघाला, कोणाकडे सर्व्हिसवाल्याचा नंबर आहे का?" लगेच सल्ल्यांचा पाऊस. एक म्हणतो कंपनी बदला. एक वहिनी म्हणतात आमचाही तसाच, आम्ही आता त्यात डबे ठेवतो. तिसऱ्या मजल्यावरचे काका सांगतात, चिकनला आधी कुकरमध्ये दोन शिट्ट्या काढून घ्या. अहो काका, शिट्ट्या काढलेलं चिकन रस्स्यात घाला, ते रोस्ट कशाला म्हणायचं? आणि एकाही माणसाला विचारावंसं वाटलं नाही, की ओव्हन आधी तापवला होता का, ट्रे कुठल्या खाचेत होता, नॉब कितीवर होता. शेवटी मीच विचारल्यावर उत्तर आलं : "व्हिडिओत २५० वर २५ मिनिटं सांगितलं होतं. वरच्या रॅकवर ठेवलं, म्हणजे रंग चांगला येतो."

थंड ओव्हन, २५० अंश, वरची खाच. यात चिकन जळणारच होतं आणि कच्चंही राहणारच होतं. ओव्हनने त्याला सांगितलेलं काम चोख केलं.

रॉडची धग कमी-जास्त करणं थर्मोस्टॅटला जमतच नाही हो! गॅसची ज्योत बारीक करता येते तसा प्रकार ओटीजीत, म्हणजे आपल्या या घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये, नसतो. रॉड एकतर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. ठरवलेलं तापमान येईपर्यंत तो सलग लाल राहतो, आल्यावर बंद होतो, थोडं उतरलं की परत पेटतो. म्हणजे थंड ओव्हन २५० वर लावला, तर पहिली पंधरा-वीस मिनिटं वरचा रॉड अखंड लाल असतो, आणि तुमची तंगडी त्याच्यापासून चार बोटांवर, थेट त्या धगीत. वरचं दही आणि मसाला करपतो, पण आतली हवा अजून तापलेलीच नाही. त्यात चिकन फ्रिजमधून काढून सरळ आत ढकललेलं. हाडापर्यंत उष्णता पोचायला लागणारा वेळ काही नॉब फिरवून कमी होत नाही. वरून काळं दिसलं म्हणून घाबरून बाहेर काढता, आणि आत कच्चं.

आणि हे २५० येतं कुठून? तंदूरची हौस. तंदूर ४०० अंशांच्या आसपास आणि त्याहूनही वर तापतो, चारही बाजूंनी धगधगतो, सळईला लावलेलं चिकन त्यात झटपट होतं. घरच्या ओव्हनचा नॉब शेवटपर्यंत फिरवला म्हणून त्याचा तंदूर होत नाही. दुसरे महाभाग परदेशी रेसिपीत ४०० वाचतात आणि आपला नॉब २५० लाच संपतो म्हणून तिथे नेऊन ठेवतात. ते फॅरनहाइट असतं! ४०० फॅरनहाइट म्हणजे आपले साधारण २०० सेल्सिअस. चिकनला तेवढंच लागतं.

आता प्रीहीट. "दहा मिनिटं प्रीहीट करा" हा मंत्र कोणी दिला देव जाणे. लहान ओव्हन १८० ला जायला दहा मिनिटं पुरतीलही, पण २८-३० लिटरचा ओटीजी २०० ला नेऊन त्याच्या भिंती, जाळी, दार नीट तापायला पंधरा मिनिटं तरी द्यावी लागतात. घड्याळावर जाऊ नका, रॉडकडे बघा. दोन्ही रॉड चालू करा, ओव्हन रिकामा ठेवा आणि रॉडची लाली पहिल्यांदा विझायची वाट बघा. काही मॉडेलमध्ये तेव्हा दिवाही विझतो, काहींत दिवा टायमरला जोडलेला असल्याने शेवटपर्यंत चालूच राहतो, म्हणून दिव्यावर भरवसा नको. आणि लाली पहिल्यांदा विझली की लगेच दार उघडू नका! तेव्हा फक्त हवा आणि सेन्सर तापलेले असतात. अशात दार उघडलं की गरम हवा भसकन बाहेर जाते आणि भिंती थंड असल्यामुळे तापमान चटकन परत चढत नाही, म्हणजे रॉड पुन्हा सलग लाल. अजून पाच मिनिटं थांबा, रॉड एकदा परत पेटून विझू दे, मग चिकन आत.

यात अजून एक घोळ प्रत्येक घरात होतो. प्रीहीटला टायमर दहावर लावायचा, मग कांदा चिरत बसायचं. टायमर टिंग वाजला की तो नुसती आठवण करत नाही, रॉडचा वीजपुरवठाच तोडतो. कांदा चिरून, लिंबू शोधून येईपर्यंत ओव्हन निवायला लागलेला असतो, आणि आपण मात्र "केलं होतं ना प्रीहीट" म्हणून मोकळे. टायमर ऐसपैस लावा, नाहीतर "स्टे ऑन"वर ठेवा, त्यासाठीच दिलंय ते.

रॅकचं तर विचारूच नका. सगळीकडे लिहिलेलं असतं "मधल्या रॅकवर ठेवा". कोणाच्या मधल्या? त्या भिंतीत बसवलेल्या भल्यामोठ्या परदेशी ओव्हनच्या. आपल्या ओटीजीला तीन-चार खाचा, आणि मधल्या जाळीवर अख्खी कोंबडी ठेवली तर तिची छाती रॉडला टेकायला येते. जाळी मध्यावर नको, पदार्थाचा मध्य ओव्हनच्या मध्यावर हवा. अख्खी कोंबडी सगळ्यात खालच्या खाचेत. तंगड्या जाडीला जेमतेम दोन-अडीच इंच, त्या मधल्या खाचेत. वरची खाच फक्त शेवटच्या पाच मिनिटांसाठी.

त्या सहा तंगड्यांचं नीट काय करायला हवं होतं ते ऐका. मांडीसकट लेग, एकेक २०० ते २५० ग्रॅमचा. फ्रिजमधून अर्धा तास आधी बाहेर काढायचा, त्याहून जास्त नाही, मुंबईच्या दमट हवेत चिकन ओट्यावर तासन्‌तास ठेवायची चीज नाही. अंगावर लोंबणारं दही बोटांनी निपटून टाकायचं, मुरायचा तो मसाला आत मुरलेला असतो, वरचा थर नुसताच जळतो. चिकनवाला न सांगता सालडं काढून देतो, त्यामुळे वरून कोरडं पडू नये म्हणून तेलाचा हात फिरवायचा. जाळीवर एकमेकांना न चिकटता ठेवायचे, खालच्या खाचेत रस पडायला ट्रे. २०० अंश, दोन्ही रॉड. पंचवीस मिनिटांनी एकदाच दार उघडून उलटायचे आणि तेल लावायचं. एकूण चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं. मग तो हौसेचा काळसर डाग हवा असेल तर जाळी वर सरकवून फक्त वरचा रॉड, पाच मिनिटं, आणि तिथून हलायचं नाही.

झालं की नाही हे रंगावरून सांगणाऱ्यांना तर हात जोडले. मसाल्यात काश्मिरी मिरची घातलीय, त्याला "गोल्डन ब्राऊन" कुठून येणार? आणि हाडाजवळ गुलाबी दिसलं म्हणजे कच्चंच, असंही नाही. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडातला रंग पूर्ण शिजल्यावरही बाजूच्या मांसात उतरतो. मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न लागता थर्मामीटर खुपसा. ७४ अंशांना चिकन खायला सुरक्षित होतं, मांडी ८० च्या पुढे गेली की हाडापासून सुटायला लागते. थर्मामीटर नसेल तर तिथेच सुरीचं टोक घाला. पाणी लालसर आणि मांस रबरासारखं चिवट, तर अजून दहा मिनिटं. पाणी स्वच्छ आणि मांस तंतूंनी सुटतंय, तर काढा. वरून काळं व्हायला लागलं आणि आत वेळ असेल तर वर फॉइल टाका, चिकन बाहेर काढू नका.

फॉइलवरून आठवलं. सांडू नये म्हणून खालच्या रॉडवर किंवा ओव्हनच्या तळाला फॉइल अंथरणारी माणसं आहेत. खालची धग अडली, वरचीच उरली, मग म्हणायचं "वरून जळतं, खालून होत नाही". खाली चुऱ्याचा ट्रे दिलेला असतो, तो सरकवा की! आणि तो ओव्हन एक्स्टेन्शन बोर्डवर लावणारे. १६०० वॉटचा ओव्हन सात अँपिअर खेचतो, साध्या सहा अँपिअरच्या बोर्डला तो सोसत नाही, तापतो, वितळतो. फ्रिजचा मोठा प्लग थोडा वेळ काढून ओव्हनला द्यायला काय जातं?

आता श्रावण. ग्रुपवर आता रोस्टेड भाज्यांचे फोटो येतील, गिळगिळीत, आणि परत ओव्हनला शिव्या. पण ट्रेमध्ये भाज्यांचा ढीग असतो त्याचं काय? एकावर एक टाकलं की सुटणारं पाणी उडून जायला जागा नाही, भाजी स्वतःच्याच वाफेत शिजते. पावसाळ्यात फ्लॉवर धुतला की पाण्याने भरतो, तो पंच्यावर पसरून कोरडा करा. अर्धा किलो भाजीला दोन मोठे चमचे तेल, तुकडे इंचभराचे, एकच थर, मधे मधे ट्रेचा तळ दिसला पाहिजे. ट्रेच्या चारही बाजूंनी बोटभर फट, नाहीतर खालची गरम हवा वर येतच नाही. तापलेल्या ओव्हनमध्ये २००, मधली खाच. बटाटा आणि गाजराला पस्तीस-चाळीस मिनिटं, फ्लॉवरला पंचवीस, सिमला मिरचीला वीस. सगळं एकदम कोंबू नका. आधी बटाटा-गाजर, पंधरा मिनिटांनी फ्लॉवर, आणि फ्लॉवरनंतर पाच मिनिटांनी सिमला मिरची. अर्धा किलोच्या ट्रेमध्ये एक किलो भाजी मावत नाही, मावली तरी भाजली जात नाही. पाहुणे जास्त असतील तर दोन खेपा करा, पहिली खेप शेवटी पाच मिनिटं परत आत टाकली की पुन्हा कुरकुरीत होते. तेवढा वेळ नसेल तर सरळ कढईत परता, पण तो ढीग ओव्हनमध्ये कोंबून वर सर्व्हिसवाल्याचा नंबर मागू नका.