बांगडा तळला, जंतू मेले; हिस्टामिनचं काय?

"बांगडा दुपारभर बाहेर राहिला तर एवढं काय? हळद-मीठ लावून कडकडीत तळला की जंतू मरतात, विषारी काही उरत नाही. त्यावरही कुणाचं अंग लाल झालंच, तर त्याला माशाची अ‍ॅलर्जी असणार."

जंतू मरतात, इथपर्यंत मान्य. पण या विषबाधेत जंतूंचं काम मासा तव्यावर जाण्याआधीच उरकलेलं असतं. बांगडा, तारली, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा बर्फाविना राहिला की कल्ल्यांतले, आतड्यांतले मॉर्गनेला मॉर्गनीसारखे जिवाणू मांसात पसरतात आणि त्यांचं एक विकर त्या हिस्टिडिनचं हिस्टामिन करतं. तापल्या तेलात जिवाणू मरतो, विकरही निकामी होतं. बाधणारं हिस्टामिन मात्र छोटासा, चिवट रेणू आहे. उष्णतेनं उलगडून बिघडावी अशी प्रथिनासारखी घडीच त्याला नाही.

पुरावा हवा असेल तर अमेरिकेतलं १९७३ सालचं प्रकरण पाहा. डबाबंद ट्यूना खाऊन २३२ जण आजारी पडले होते. डब्यातला मासा दाबाखाली, शंभर अंशांच्या पुढे तापवलेला असतो. आपल्या तुकडीचा गाभा ओला असेपर्यंत शंभरही गाठत नाही. (कोकमाच्या आगळानं, चिंचेनंही हिस्टामिन जात नाही.)

हिशेब करू. निरोगी माणसाला एका वेळी ५० मिलिग्रॅम हिस्टामिनपर्यंत सहसा त्रास होत नाही, असं धरतात. २५० ग्रॅमच्या वाढणीत तेवढंच जावं म्हणून किलोमागे २०० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरते. आता बाहेर राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन किलोमागे ८०० मिलिग्रॅम झालं असेल, तर २०० ग्रॅम खाणाऱ्याच्या पोटात १६० मिलिग्रॅम गेलं. तळताना पाणी उडून मासा हलका होतो, हे १६० तसेच राहतात. शिवाय हिस्टामिन सगळीकडे सारखं नसतं. एकाच माशाची एक तुकडी सोसते, दुसरी नाही.

अ‍ॅलर्जीचा गोंधळ समजण्यासारखा आहे, कारण त्यातही हिस्टामिनच असतं. फरक इतकाच की तिथे ते आपल्याच पेशी सोडतात, इथे ते माशातून येतं. म्हणूनच दोन्हींकडे अँटिहिस्टामिन गोळी लागू पडते, आणि 'बघा, अ‍ॅलर्जीच होती' असं वाटतं. एकाच पंगतीतल्या तिघाचौघांचे चेहरे तासाभरात लाल झाले, डोकं ठणकलं, छाती धडधडली, तर चौघांना एकदम अ‍ॅलर्जी कशी होईल? त्यातलाच कुणी पुढे ताजा बांगडा खाऊन ठणठणीत राहिला, तर शंका उरत नाही. क्षयाची आयसोनियाझिड गोळी घेणाऱ्याला मात्र कमी हिस्टामिनही बाधतं, कारण ते मोडणारं आपल्या शरीरातलं विकर त्या गोळीनं मंदावतं.

वासावर विसंबू नका. बाधणारा मासा पुष्कळदा चांगलाच दिसतो. कधी तुकडी जिभेला मिरीसारखी झोंबते. तशी झोंबली तर उरलेला मासा टाकून द्या, पुन्हा गरम करू नका.